जाळ्यातला रोहू लवकर का ताठरतो?

भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांतला रोहू बाजारात आला, की जाणकार गिऱ्हाईक तो डोक्याकडून आडवा धरून बघतं. शेपूट खाली लोंबली नाही तर मासा ताजा. ही पारख खरी आहे, पण अर्धीच. कारण पाण्यातून नुकताच काढलेला मासाही मऊच असतो आणि शिळा होत चाललेलाही. म्हणून कल्ले लाल आहेत का, हेही बघावं लागतं.

रोहूचा तुकडा कापला, की जवळजवळ सगळं मांस पांढरट दिसतं. फक्त कुशीवर, कातडीलगत एक काळपट-लाल पट्टी असते. दिवसभर संथ पोहणं या पट्टीचं काम. तिच्या तंतूंना प्राणवायू भरपूर मिळतो आणि ते सहसा थकत नाहीत. पांढरे तंतू झटक्यासाठी. प्राणवायूची वाट न बघता ते साठवलेलं ग्लायकोजेन जाळतात, जोर लावतात आणि थोड्याच वेळात गळून जातात. माणसात दोन्ही जातींचे तंतू एकाच स्नायूत मिसळलेले असतात. रोवणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईची पाठ तग धरते, त्यात संथ तंतूंचा मोठा वाटा असतो.

जाळं ओढलं, की मासा पांढऱ्या तंतूंच्या बळावर तडफडतो. मग थकतो. थकव्याचा दोष आपण बरीच वर्षं लॅक्टिक आम्लावर टाकत आलो, पण मोठा संशयित आहे फॉस्फेट. जोराच्या हालचालीत ते पेशीत साचतं, मायोसिन या प्रथिनाची पकड सैल करतं आणि आकुंचनाला लागणारं कॅल्शियमही पुरेसं सुटू देत नाही. गंमत अशी, की थकलेल्या स्नायूतही एटीपी हे इंधन संपलेलं नसतं. ते संपण्याआधीच स्नायू काम आवरतं घेतो.

ते खरोखर संपलं तर काय होतं, हे मेल्यावर दिसतं. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात आणि सोडतात. यातल्या सोडण्यासाठी एटीपी लागतं. रक्त थांबल्यावर उरलेल्या ग्लायकोजेनमधून ते काही काळ तयार होत राहतं. मग तेही संपतं. कॅल्शियम परत कोठारात भरणारा पंप बंद पडतो, डोकी धाग्याला चिकटतात आणि सुटत नाहीत. तडफडून मेलेल्या रोहूचं ग्लायकोजेन जाळ्यातच खर्ची पडलेलं असतं, म्हणून तो लवकर ताठरतो. चटकन मारलेला मासा सहसा सावकाश ताठरतो.

माणसाचंही तसंच. खूप धावून किंवा झटके येऊन मृत्यू झाला, तर ताठरता लवकर येते. उन्हाळ्यात येतेही लवकर, जातेही लवकर. म्हणून शवविच्छेदन करणारा डॉक्टर केवळ तिच्यावरून मृत्यूची वेळ ठरवत नाही. ताठरता उतरते ती एटीपी परत आल्यामुळे नव्हे. पेशीतलीच विकरं प्रथिनांचे धागे तोडू लागतात, आणि मांस मऊ पडतं.