निळ्या आभाळामागचा चौथा घात

सूर्यप्रकाश हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंवर पडला की त्याचं विद्युतक्षेत्र रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना मागेपुढे हलवतं. प्रत्येक रेणू मग डोलणारा द्विध्रुव, म्हणजे एक चिमुकला अँटेनाच बनतो आणि तोच प्रकाश इतर दिशांना फेकतो.

लांबवर पोहोचणारी लहर प्रभाराच्या वेगामुळे नव्हे, त्वरणामुळे निर्माण होते. डोलण्याचा पल्ला तेवढाच ठेवून वारंवारिता दुप्पट केली, तर त्वरण चौपट होतं, म्हणून लहरीचं क्षेत्रही चौपट. शक्ती क्षेत्राच्या वर्गावर ठरते, म्हणजे थेट सोळा पट! रेणूंच्या बाबतीत निळ्या आणि तांबड्या प्रकाशात हा पल्ला जवळपास सारखाच असतो. निळ्याची (४५० नॅनोमीटर) वारंवारिता तांबड्याच्या (६५० नॅनोमीटर) जेमतेम १.४४ पट, तरी तो सुमारे ४.३ पट अधिक विखुरतो. जांभळा आणखी विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपला डोळाही त्याला मंद प्रतिसाद देतो.

हा अँटेना सगळीकडे सारखा प्रकाश टाकत नाही. डोलण्याच्या रेषेत शून्य, तिच्याशी काटकोनात सर्वाधिक, ४५ अंशांवर निम्मा. सूर्य क्षितिजाजवळ असताना पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून डोक्यावरचं आभाळ पाहा आणि गॉगल हळूहळू फिरवा. निळाई गडद-फिकी होताना दिसेल. सूर्याकडे मात्र पाहू नका.

ढगांना हा नियम लागू नाही. त्यांचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि ढग पांढरे दिसतात.