पिवळ्या खुणांच्या मधला करार

जुलै महिन्यात पुण्या-नाशिकच्या अनेक घरांत एक ईमेल येते. मुलगा किंवा मुलगी ऑगस्टमध्ये टेक्ससला शिकायला निघालेली असते, डॅलसजवळ चौघांत मिळून फ्लॅट ठरलेला असतो आणि ईमेलमधल्या लिंकवर भाडेकरार सहीसाठी उघडतो. सही पाच मिनिटांत होते, पण तिने बांधलेलं वर्षभर सुटत नाही.

डॉक्युसाइनसारख्या यंत्रणेत सुरुवातीला एक चौकट येते: `I agree to use electronic records and signatures`. तिच्यावर खूण केली म्हणजे करार मान्य झाला असं नव्हे. कागदपत्रं आणि सही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतील, एवढीच ती संमती असते. पुढे मात्र `Start` किंवा `Next` लिहिलेली पिवळी खूण दिसते आणि ती दाबली की पडदा थेट सहीच्या पुढच्या जागेवर जातो. तीस-चाळीस पानांचा करार असा आठ-दहा उड्यांत संपतो. बांधून घालणारी कलमं नेमकी त्या उड्यांच्या मध्ये राहून जातात. अमेरिकेच्या 2000 सालच्या ई-साइन कायद्यानुसार संगणकाने काढून दिलेली सहीसुद्धा शाईच्या सहीइतकीच ग्राह्य असते. टेक्ससमध्ये भाडेकरारावर सही केल्यावर विचार बदलला म्हणून दोन-तीन दिवसांत तो रद्द करण्याची सर्वसाधारण सोयही नाही.

म्हणून पिवळ्या खुणेला हात लावण्याआधी मेनूतून पीडीएफ उतरवून घ्यावी. वेळ हवा असेल तर `Finish Later` निवडावं. `Decline to Sign` दाबू नये, कारण त्याने पाठवलेला दस्तऐवजच सगळ्यांसाठी रद्द होतो. मग पीडीएफमध्ये दोन शब्द शोधावेत.

पहिला शब्द `severally`. `Jointly and severally liable` असं लिहिलेलं असेल, तर प्रत्येक भाडेकरू पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. समजा, भाडं महिना 2,000 डॉलर आहे आणि चौघं 500-500 देतात. करार 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा आहे. डिसेंबरअखेर एक जण दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. घरमालकाला जानेवारीपासूनही दरमहा 2,000 डॉलरच येणं आहे. उरलेल्या तिघांना 500 ऐवजी सुमारे 667 डॉलर भरावे लागतात आणि सात महिन्यांत 3,500 डॉलरचा जादा भार पडतो. गेलेला मुलगाही सुटलेला नसतो. त्याचं नाव करारावर असेपर्यंत त्याच्याकडूनही वसुली होऊ शकते. आपापसांत ठरलेली वाटणी घरमालकाला बांधील नसते. सुटण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बदली भाडेकरू शोधणं आणि घरमालकाच्या लेखी संमतीने करारातली नावं बदलून घेणं.

दुसरा शब्द `reletting`. टेक्ससमधल्या अनेक अपार्टमेंट करारांत, मुदतीआधी घर सोडल्यास एका महिन्याच्या भाड्याच्या 85 टक्के रक्कम आकारण्याचं कलम असतं. आपल्या उदाहरणात ती 1,700 डॉलर होते. ही रक्कम भरली की मोकळं झालो, असं मुलांना वाटतं. पण अशा कलमात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की हा फक्त नवा भाडेकरू शोधण्याचा खर्च आहे आणि उरलेल्या भाड्याची जबाबदारी कायम राहते. चौघंही निघून गेले आणि घर दोन महिने रिकामं राहिलं, तर 1,700 अधिक 4,000, म्हणजे 5,700 डॉलर मागितले जाऊ शकतात. टेक्ससच्या कायद्याचा इथे थोडा आधार आहे. भाडेकरू मध्येच गेल्यावर घर पुन्हा भाड्याने देण्याचा वाजवी प्रयत्न घरमालकाने करायलाच हवा. तो ते घर रिकामं ठेवून नुसतं बिल वाढवत बसू शकत नाही.

वाचताना खटकलेलं कलम फोनवर विचारू नये. ‘काळजी करू नका, आम्ही तसं कधी लावत नाही’ असं ऑफिसमधून कुणी सांगितलं, तरी करारात लिहिलेलं तेवढंच टिकतं. ईमेलने विचारावं आणि बदल कबूल झाला, तर तो करारात किंवा त्याला जोडलेल्या पुरवणीत घालून नव्याने पाठवायला सांगावं. बदललेली प्रत पुन्हा वाचावी. फ्लॅट क्रमांक, तारखा, भाडं आणि चौघांची नावं त्यात बरोबर आहेत का, हेही तेव्हाच पाहावं. आपल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला कक्ष आहे का, याची चौकशी करून तिथे करार दाखवावा. लिंकची मुदत संपत आली असेल, तर ती पुन्हा पाठवायला सांगण्यात काही गैर नाही.

`Finish` दाबल्यावर सगळ्यांच्या सह्या पूर्ण झालेली प्रत येते. ती आपल्याजवळ जपून ठेवावी. घर सोडताना नवा पत्ता घरमालकाला लेखी कळवावा, कारण टेक्ससमध्ये डिपॉझिट परत करण्याची तीस दिवसांची मुदत घर सोडल्यापासून मोजली जात असली, तरी तो पत्ता लेखी मिळेपर्यंत घरमालकावर पैसे परत करण्याचं बंधन येत नाही.