दुधाचे पैसे आधीच भरलेत? सुट्टी, वाढीव दूध अन् परताव्याचा हिशोब असा असतो

तालुक्याच्या ठिकाणी आता बऱ्याच घरी दुधाची पिशवी मोबाईल ॲपवरून येते. पैसे आधी वॉलेटमध्ये भरायचे, रोज दूध आलं की तेवढी रक्कम कापली जाते. घोळ होतो तो गावाला जाताना आणि ॲप बंद करताना.

एका घराचं उदाहरण घेऊ. दर लिटरला ६० रुपये, रोज एक लिटर. १ तारखेला १,८०० रुपये भरले, वर कंपनीने १०० रुपये बोनस दिला. १० तारखेपर्यंत ६०० कापले गेले, १,३०० उरले.

११ ते १४ लग्नाला जायचं होतं. सुट्टी टाकली १० तारखेच्या रात्री ११ वाजता, पण त्या ॲपची मुदत रात्री १० ची. मुदत संपली की उद्याच्या दुधाची यादी डेअरीकडे जाते आणि पहाटेची गाडी त्या यादीप्रमाणेच भरते. त्यामुळे ११ तारखेची पिशवी बंद दाराला लटकली आणि ६० रुपये गेले. सुट्टी लागू झाली १२ पासून. मुदतीची वेळ प्रत्येक ॲपची वेगळी असते, ती आधीच बघून ठेवावी.

परत आल्यावर पाहुणे आले. १५ ते २० रोज दोन लिटर हवं होतं, म्हणजे ७२० रुपये. पण बदल करताना ‘कधीपर्यंत’ ही तारीख टाकली नाही. म्हणून पाहुणे गेल्यावर २१ लाही दोन लिटर आलं, १२० कापले. ठरावीक दिवसांसाठी दूध वाढवायचं तर शेवटची तारीख टाकावीच लागते, नाहीतर तोच रोजचा रतीब होतो.

आता उरले ४०० रुपये. त्याच दिवशी मुदतीआधी रतीब बंद करून घरच्यांनी परतावा मागितला, तर हातात आले ३००. कारण बोनसचे १०० रुपये दुधासाठीच वापरता येतात, रोख मिळत नाहीत, आणि त्या ॲपमध्ये आधी ग्राहकाचे स्वतःचे पैसे कापले जात होते. काही ठिकाणी आधी बोनस कापतात, तिथे पूर्ण ४०० परत आले असते. म्हणून पैसे भरतानाच बोनसचा नियम वाचावा.

फक्त ॲप मोबाईलमधून काढून टाकलं तर रतीब थांबत नाही. शिल्लक संपेपर्यंत पिशवी येत राहू शकते. आधी रतीब बंद करावा, शिल्लक आणि व्यवहारांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढावा, मग ॲपमधूनच परतावा मागावा. पैसे साधारणपणे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात येतात.

परताव्याच्या नावाखाली कुणी फोन करून यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. तिथे हाच स्क्रीनशॉट कामाला येतो.