खानावळीच्या फळ्यावरून टंकलिखित दरपत्रक

गोव्यातील लहान खानावळींच्या दारात खडूने लिहिलेला फळा असतो. तो दररोज अंशतः पुसला जातो व अंशतः नव्याने लिहिला जातो. अशा फळ्याच्या छायाचित्रावरून टंकलिखित दरपत्रक तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका टंकलेखनाच्या नसून वाचनाच्या असतात.

छायाचित्र फळ्याच्या मध्याच्या उंचीवरून, समोर उभे राहून घ्यावे. झोताचा दिवा वापरू नये. त्याच्या चकाकीत खडूची अक्षरे बुडून जातात. फळा मोठा असल्यास दोन छायाचित्रे घ्यावीत व एका चित्रातील शेवटच्या दोन ओळी दुसऱ्यातही येतील असे पाहावे. फळा दररोज बदलतो, म्हणून प्रत्येक छायाचित्रावर तारखेची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

त्यानंतर कोणतीही सुधारणा न करता फळ्यावरील प्रत्येक ओळ जशीच्या तशी उतरवावी आणि ओळींना क्रमांक द्यावेत. जे वाचता येत नाही तेथे अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह घालावे.

उदाहरणादाखल अकरा ओळींचा एक फळा घेऊ. ओळींचा क्रम असा: मासळी थाळी १५०/-, चहा १५, बांगडा फ्राय १०, चपाती १५, विसवण फ्राय २५०, शाकाहारी थाळी १२०, सुरमई फ्राय २२०, सोलकढी ३०, तिसऱ्यांचे सुके १६०, भात ४०, आणि कोंबडीची शागोती अर्धी १४०, पूर्ण १३०.

यातील चार ठिकाणी थांबावे लागते. पहिल्या ओळीतील तिरपी रेघ घाईत शून्याला चिकटल्यास ‘१५०१’ असे वाचले जाते. बांगड्याचा दर दहा रुपये असणे संभवत नाही. खडूने लिहिलेले १ व ९ हे अंक सहज एकमेकांसारखे दिसतात, म्हणून तो ९० असावा. पूर्ण शागोती अर्ध्या शागोतीपेक्षा स्वस्त असू शकत नाही. तेथे जुना दर नीट न पुसता त्यावरच नवा लिहिलेला असतो व चित्रात दोन्ही आकडे मिसळतात. चौथी अडचण नावाची आहे. विसवण व सुरमई ही एकाच माशाची नावे असून फळ्यावर त्यांना दोन निरनिराळे दर आहेत.

या चारही जागी दर ठरविण्याचा अधिकार टंकलेखकाचा नाही. शंकेच्या ओळी क्रमांकासह मालकापुढे ठेवाव्यात. समजा, मालकाने सांगितले की मासळी थाळी १५०, बांगडा ९० व पूर्ण शागोती २३० रुपये असून, सुरमईची ओळ ही जुन्या दराची पुसावयाची राहून गेलेली ओळ आहे. मग अकरा ओळींचे दहा पदार्थ होतात आणि सातवी ओळ का गळली याची नोंद आपोआप राहते.

आता पदार्थांची गटवारी करावी. गट गिऱ्हाईक मागणी करते त्या क्रमाने असावेत: थाळी (२ पदार्थ), मासळी (३), कोंबडी (१), चपाती व भात (२), पेये (२). एकूण दहा भरले म्हणजे काही सुटले नाही. एका माशाचे एकच नाव सर्वत्र वापरावे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांसाठी ‘विसवण (सुरमई)’ असे लिहिणे सोयीचे ठरते. एका ठिकाणी ‘फ्राय’ व दुसऱ्या ठिकाणी ‘तळलेला’ असा भेद राहू देऊ नये.

दराच्या स्तंभावर ‘रुपये’ हा शब्द एकदाच लिहावा व खाली केवळ आकडे उजव्या कडेला जुळवून घ्यावेत. त्यासाठी मोकळ्या जागा मोजून न सोडता टॅबची खूण वापरावी. अन्यथा अक्षराचा आकार बदलताच स्तंभ वाकडा होतो. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेले दरपत्रक, तो फॉन्ट नसलेल्या छापखान्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडते.

मासळीच्या दरांना मात्र एक मर्यादा आहे. ते बाजाराप्रमाणे बदलतात; १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तर काही मासळी मिळतही नाही. म्हणून थाळी, चपाती, भात व पेये यांचे दर छापावेत आणि ज्या मासळीचा दर स्थिर नाही तिच्यापुढे ‘आजचा दर फळ्यावर’ एवढेच लिहावे. छापील आकड्यावर पेनने खाडाखोड सुरू झाली, की दरपत्रकावरील गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.

छपाईपूर्वी एकाने मूळ छायाचित्रावरून मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने टंकलिखित प्रतीवर खूण करीत जावे. मालकाने सांगितलेल्या दुरुस्त्या त्याच्याकडून पुन्हा एकदा तपासून घ्याव्यात, प्रतीवर त्याची सही व तारीख घ्यावी, आणि मगच ती छापखान्याकडे पाठवावी.