भाव चुकीचा आहे हे कळूनही पैसे का बुडतात? एसीसीची गोष्ट

नाशिकच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, एखादा शेअर उगाचच महाग झालाय हे हुशार लोकांना दिसतंच ना? मग ते विकून भाव खाली का आणत नाहीत?"

पुस्तकात याचं उत्तर सोपं आहे. महाग ते विकायचं, स्वस्त ते घ्यायचं, मधला फरक खिशात. यालाच आर्बिट्राज म्हणतात. पण प्रत्यक्षात काय होतं ते बघायला आपण 1992 सालच्या मुंबईत जाऊ.

मंदीवाल्यांचं काय चुकलं?

1991-92च्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे 200 रुपयांवरून जवळजवळ 9000 रुपयांपर्यंत गेला. खरेदीमागे मुख्य नाव होतं हर्षद मेहता. त्याचं म्हणणं असं, की असाच कारखाना आज नव्याने उभारायला जेवढा खर्च येईल, त्यावरून शेअरची किंमत ठरवा. दलाल स्ट्रीटवरच्या मंदीवाल्यांना हा भाव वेडेपणाचा वाटत होता. म्हणून त्यांनी हातात नसलेले शेअर आधी विकले. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करू, हा हिशोब.

आता आकडे समजायला सोपे धरू. समजा तुमच्या मते शेअरची लायकी 500 रुपये आहे. तुम्ही 3000 रुपयांना 100 शेअर विकले. तुमचं भांडवल 3 लाख. भाव 4000 झाला, की वरचा फरक, म्हणजे 1 लाख, भरावा लागतो. 5000 झाला, आणखी 1 लाख. 6000 झाला, तिसरा लाखही गेला. आता सौदा बंद करण्यावाचून पर्याय नाही, म्हणजे 6000 ला शेअर विकत घ्यायचे. आणि गंमत बघा, तुमच्या या नाइलाजाच्या खरेदीनेच भाव अजून वर जातो!

त्या काळी 'बदला' पद्धतीने सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलता यायचा. पण विकणारे जास्त आणि शेअर कमी असले, की विकणाऱ्यालाच उलट पैसे मोजावे लागायचे. याला 'उंधा बदला' म्हणत. म्हणजे वाट बघायचंही भाडं!

याला नाव काय?

कंपनीच्या कमाईकडे न बघता, कुजबुज आणि भावनेवर खरेदी-विक्री करणारे म्हणजे नॉइज ट्रेडर. त्यांची चूक उद्या सुधारेलच असं नाही, ती आणखी वाढू शकते. ही जोखीम म्हणजे नॉइज ट्रेडर रिस्क. डी लाँग, श्लायफर, समर्स आणि वाल्डमन या अर्थतज्ज्ञांनी 1990 मध्ये ती मांडली. पुढे 1997 मध्ये श्लायफर आणि विश्नी यांनी दुसरा मुद्दा जोडला: आर्बिट्राज करणारा बहुतेक वेळा दुसऱ्यांचे पैसे वापरतो. तोटा दिसला की ते लोक पैसे काढून घेतात. म्हणजे संधी सगळ्यात मोठी असते, नेमके तेव्हाच हात रिकामे!

15 जानेवारी 1992 ला सेन्सेक्स 2000 च्या वर गेला आणि 30 मार्चला 4000 च्या वर. 23 एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी छापून आली. तेजीमागे बँकांचा पैसा फिरत होता हे उघड झालं आणि बाजार कोसळला. मंदीवाले बरोबर ठरले. पण जो मार्चमध्येच पैसे संपून बाहेर पडला, त्याला एप्रिलच्या घसरणीचा काय उपयोग?

आणि तेव्हा खात्री कुणाला होती? कारखान्याच्या खर्चाचा हिशोब ऐकायला पटण्यासारखाच होता. आपलंच चुकत असेल, ही धास्तीही हुशार माणसाला हात आखडता घ्यायला लावते. म्हणून चुकीचा भाव टिकतो.

आपल्या चाळीतला कांदा

उन्हाळ कांदा स्वस्त वाटला म्हणून चाळीत भरणारा व्यापारीही हेच करतो. फक्त त्याची बाजू खरेदीची. रोज वजन घटतं, थोडा माल सडतो, कर्जाचं व्याज चढतं. त्यात 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. हा काही नॉइज ट्रेडरचा गोंगाट नव्हता, सरकारी निर्णय होता. पण धडा तोच: भाव पुढे वाढेलही, पण तोवर कांदा आणि कर्ज थांबेल का?

तेव्हा पुढच्या वेळी "हे तर स्वस्तच आहे" म्हणून माल भरताना वहीत तीन ओळी लिहा: पैसे कोणाचे आहेत, थांबण्याचा महिन्याचा खर्च किती, आणि भाव अजून तेवढाच उलटा गेला तर मी टिकेन का? तिसरं उत्तर 'नाही' असेल, तर सौदा तेवढा लहान करा, की ते 'हो' होईल.