कोऱ्या चौकटीतला डोंगर

‘खालील आलेखाचे निरीक्षण करून उत्तरे लिहा.’ आणि खाली आलेखच नाही. टिटवाळ्याहून कॉलेजसाठी कल्याण गाठणारी अकरावी-बारावीची मुलं लोकलमध्ये मोबाइलवर नोट्स वाचतात, त्यात अशी कोरी चौकट हमखास भेटते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये रेषा पुसट होत जाते, फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना चित्र गळतं, प्रश्न मात्र शाबूत राहतात. जीवशास्त्रात हा फटका सर्वाधिक बसतो तो विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या प्रकरणात. तापमान किंवा सामू बदलला की विकराचं काम किती वाढतं, किती घटतं, हे सगळं तिथे एका वक्ररेषेत सांगितलेलं असतं. ती रेषा पुन्हा काढता येते. त्यासाठी रेषा पाठ असावी लागत नाही, ती तशी का वळते हे ठाऊक असावं लागतं.

लाळेतल्या अमायलेजचं उदाहरण घेऊ. हे विकर पिठूळ पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करतं. भाताची पातळ पेज गाळून घ्यायची, तिच्यात पाण्यात मिसळलेली थोडी लाळ घालायची आणि दर अर्ध्या मिनिटाने एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकायचं. स्टार्च आहे तोवर थेंब निळाकाळा होतो. तो रंग उमटायचा थांबला की काम संपलं. पेज आणि लाळ वेगवेगळ्या वाटीत आधी हव्या त्या तापमानावर आणून मगच मिसळायची, नाहीतर थर्मामीटर एक सांगेल आणि विकर दुसऱ्याच तापमानात काम करत असेल.

समजा, प्रश्नासोबत आलेख गेला, पण तक्ता राहिला. रंग जायला १० अंश सेल्सिअसला १२ मिनिटं लागली, २० अंशांना ६, ३० अंशांना ३, ३७ अंशांना २, ५० अंशांना ३, ६० अंशांना १२ आणि ७० अंशांना रंग गेलाच नाही. हे आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. बहुतेक मुलं हेच आकडे उभ्या अक्षावर मांडतात आणि मग डोंगराऐवजी दरी तयार होते. दरी चूक नाही, तो वेळेचा आलेख आहे. प्रश्नात ‘वेग’ किंवा ‘क्रियाशीलता’ असा शब्द असेल तर वेळ उलटा करावा लागतो. इथे १२ ला प्रत्येक वेळेने भागा. वेग अनुक्रमे १, २, ४, ६, ४, १ आणि शून्य येतो. म्हणून चौकट कोरी असेल तेव्हा सगळ्यात आधी प्रश्नातून उभा अक्ष शोधायचा, कारण एकाच प्रयोगाची माहिती दोन उलट्या आकारांत बसते.

आता डावी बाजू पाहा. १० अंश, मग २०, मग ३०. दर १० अंशांनी वेग सुमारे दुप्पट होतो. रेणू जास्त जोराने आदळतात, त्यामुळे जास्त टकरी कामी येतात. हाच नियम पुढे चालला असता तर ६० अंशांना वेग ३२ व्हायला हवा होता, झाला १. विकर हे प्रथिन आहे. त्याच्या साखळीची एक विशिष्ट घडी असते आणि त्या घडीतल्या खोबणीत स्टार्च बसतं. उष्णतेने घडी उलगडली की खोबण उरत नाही. आलेखात म्हणून दोन गोष्टी एकमेकींशी झगडत असतात, टकरींमुळे चढणारा वेग आणि घडी मोडल्याने गळणारी विकरांची संख्या. चढ संथ आणि उतार कड्यासारखा दिसतो तो यामुळे. आपल्या तक्त्यातही १० ते २० अंशांत वेग एकाने वाढतो, ५० ते ६० मध्ये तीनने कोसळतो. ‘निम्मा वेग कोणत्या तापमानांना?’ हा आवडता प्रश्नही आता सुटतो. निम्मा म्हणजे ३. डावीकडे तो २० आणि ३० च्या मधोमध, २५ अंशांना मिळेल, उजवीकडे ५३ च्या आसपास.

या आलेखात एक गोष्ट कधीच दिसत नाही, मग तो छापील असो वा पुसलेला. १० आणि ६० अंशांना वेग सारखाच, १. पण दोन्ही नळ्या ३७ अंशांवर आणल्या तर थंड नळीतलं विकर पुन्हा पूर्ण वेगाने कामाला लागतं, तापलेल्या नळीतलं लागत नाही. गारठलेलं विकर मंद असतं, तापलेलं मोडलेलं असतं. परीक्षेत ‘दोन्ही टोकांना क्रिया कमी का?’ याचं एकच कारण लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात.

शिखराची जागाही पुस्तकात वाटते तितकी पक्की नसते. घडी मोडायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटातच वेग मोजला तर ५० अंशांची नळी ३७ च्या पुढे असू शकते; अर्धा तास थांबून मोजलं तर शिखर डावीकडे सरकतं. दोन पुस्तकांत एकाच विकराचं इष्टतम तापमान वेगळं दिसलं, तर आधी प्रयोग किती वेळ चालला ते तपासावं.

सामूच्या आलेखात मात्र दोन्ही उतार साधारण सारखे असतात, कारण तिथे टकरी वाढण्याचा प्रश्न नाही. खोबणीतल्या अमिनो आम्लांवरचे विद्युतभार आम्लतेनुसार बदलतात आणि ठरावीक भार असतील तेव्हाच पकड बसते. शिखर कुठे, हे विकराच्या घरावरून ठरतं. जठरातल्या पेप्सिनचं २ च्या आसपास, लाळेतल्या अमायलेजचं ७ जवळ, आतड्यातल्या ट्रिप्सिनचं सुमारे ८. आडव्या अक्षाचं एक घर म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे विसरलं की जठरात पोचल्यावर अमायलेज का थांबतं ते कळत नाही. ही मोजपट्टीच मुळी या आलेखासाठी आली. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये विकरांचा अभ्यास करतानाच सामूची कल्पना मांडली.

घरी करून पाहणाऱ्यांनी दोन फसवणुकी ओळखून असाव्यात. आम्लासाठी लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनलाच रंगहीन करतं आणि स्टार्च तसंच असताना पचल्यासारखं दिसतं. लिंबाऐवजी व्हिनेगर घ्यावं. दुसरी फसवणूक गरम नळीची. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग नुसत्या उष्णतेनेही उडतो, गार झाल्यावर परत येतो. म्हणून थेंब बशीत निवला की मगच आयोडीन टाकायचं. शिवाय एका नळीत उकळून गार केलेली लाळ ठेवायची. तिथेही रंग गेला तर दोष प्रयोगात आहे, विकराचं त्यात काही कर्तृत्व नाही.

नोट्स काढणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक आलेखाखाली दोन ओळी शब्दांत लिहा: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एककं कोणती, शिखर कुठे आणि रेषा शून्याला कुठे टेकते. चित्र गळालं तरी या दोन ओळींवरून टिटवाळ्याचा मुलगा वहीच्या मागच्या पानावर तो आलेख स्वतः काढू शकेल.