मुदतवाढीचं पत्र

‘सर, तब्येत बरी नाही, थोडी मुदत द्यावी’ एवढंच लिहिलं, तर सरांना काहीच ठरवता येत नाही. समजा, एम.ए.च्या विद्यार्थिनीला डेंग्यू झाला आहे आणि टर्म पेपर १४ ऑक्टोबरला द्यायचा आहे. तिने असं लिहावं:

‘आदरणीय सर, ६ तारखेपासून मला डेंग्यूचा ताप होता. डॉक्टरांनी १९ पर्यंत विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र जोडलं आहे. पेपरचे पहिले दोन भाग लिहून झाले आहेत, तेही सोबत पाठवते. शेवटचा भाग आणि संदर्भसूची राहिली आहे. २५ ऑक्टोबरला पूर्ण पेपर दिला तर चालेल का?’

२५ ही तारीख अंदाजाने आलेली नाही. १९ ला विश्रांती संपते, उरलेल्या कामाला पाच दिवस लागतील आणि एक दिवस हाताशी राखलेला आहे, कारण डेंग्यूनंतरचा थकवा लवकर जात नाही. उगाच २१ तारीख मागून पुन्हा मुदत वाढवून घेणं जास्त अवघड. पत्र १४ तारखेच्या आतच जायला हवं. रक्ततपासणीचे सगळे अहवाल मात्र जोडू नयेत. ते कोणी वाचत नाही. अंतर्गत गुण विभागाकडे पाठवायची तारीख २५ च्या आधी असेल, तर सरांचाही नाइलाज होतो. म्हणून ती आधीच विचारून घ्यावी.